दोघांच्या नावावरचं गृहकर्ज: हप्ता पगाराच्या प्रमाणात कसा वाटायचा

दोघांच्या पगाराची बेरीज करायची, प्रत्येकाचा टक्का काढायचा आणि त्या टक्क्याने हप्ता वाटायचा. हे गणित सातवीतल्या मुलालाही येतं. तरीही सहा महिन्यांनी घराघरातून तीच कुरबुर ऐकू येते: 'प्रमाणात वाटलं म्हणतोस, मग महिनाअखेरीला माझ्याच खात्यात खडखडाट का?' चूक भागाकारात नसते. 'पगार' म्हणून कोणता आकडा घेतला आणि 'हप्ता' म्हणून कोणता, तिथे ती असते. दुसरी चूक नंतर होते. एकदा ठरलेली वाटणी बँकेत लावून दिली जाते आणि मग तिच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही.

पुढचं सगळं एकाच उदाहरणावर चालेल. ठाण्याचं एक जोडपं आहे. तो खासगी कंपनीत, ती अनुदानित शाळेत शिक्षिका. कर्ज ५० लाखांचं, २० वर्षांचं, व्याज ८.५ टक्के, बदलत्या दराचं. मासिक हप्ता ४३,३९१ रुपये. आकडे माझे आहेत, पण असे पगार आणि अशा कपाती तुम्हाला शेजारच्या घरात सापडतील.

## सुरू करण्याआधी: काय जवळ हवं

शेवटच्या महिन्याची एक सॅलरी स्लिप घेऊन बसू नका. हे घ्या:

- दोघांच्या मागच्या १२ महिन्यांच्या स्लिपा
- पगार जमा होणाऱ्या खात्यांची त्याच १२ महिन्यांची स्टेटमेंट
- बँकेचं कर्ज मंजुरीपत्र आणि परतफेडीचा तक्ता
- घरासाठी इतर कुठून पैसे उभे केले असतील तर त्यांची कागदपत्रं, म्हणजे पतपेढीचं कर्ज, पीएफमधून काढलेली रक्कम, सासरमाहेरून घेतलेले उसने

बारा महिने कशासाठी? एकाच महिन्याची स्लिप फसवते. बोनसच्या महिन्यात पगार फुगलेला दिसतो, बिनपगारी रजेच्या महिन्यात खंगलेला. कुणाचा कर कापला जात असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये कपात अचानक वाढते. शिक्षकांच्या बाबतीत महागाई भत्त्याची थकबाकी एखाद्या महिन्यात एकदम येते. बारा महिन्यांच्या बेरजेत हे चढउतार बऱ्यापैकी विरून जातात. थकबाकी मात्र आधीच्या वर्षांची असेल तर बेरजेतून वगळा.

इशारा: धंदा किंवा स्वतंत्र व्यवसाय असलेल्यांनी बारा महिन्यांवर थांबू नये. मागच्या तीन वर्षांच्या विवरणपत्रांतला नफा घ्या, त्यातून भरलेला कर वजा करा आणि सरासरी काढा. खात्यात आलेली उलाढाल म्हणजे उत्पन्न नव्हे. हप्ता वाटताना ती धरली तर धंदा करणाऱ्यावर विनाकारण ओझं पडतं.

## टप्पा १: खरा पगार काढा

सर्वांत जास्त गोंधळ या टप्प्यात होतो, म्हणून इथे वेळ घालवा.

'हातात येणारा पगार' हा सोपा आकडा आहे, पण त्यात दोन प्रकारच्या कपाती मिसळलेल्या असतात. काही सक्तीच्या: प्राप्तिकर, व्यवसाय कर, पीएफ किंवा एनपीएसची ठरलेली वर्गणी. त्या आपल्या हातात नाहीत, म्हणून त्या वजा झालेल्याच राहू द्या. काही मात्र आपण स्वतःहून लावून घेतलेल्या: व्हीपीएफ, पतपेढीची ठेव वर्गणी, पतपेढीच्या कर्जाचा हप्ता, पगारातून जाणारा विम्याचा हप्ता. हे पैसे कमावलेले असतात, फक्त खात्यात यायच्या आधी वळवलेले असतात. ते पगारात परत मिळवायचे.

आपल्या उदाहरणात त्याच्या खात्यात वर्षभरात ९,००,००० जमा झाले. त्यात ७२,००० बोनसचे. शिवाय तो दरमहा ४,००० व्हीपीएफला टाकतो, म्हणजे वर्षाला ४८,०००. बोनस बाजूला काढला आणि व्हीपीएफ परत मिळवला तर ८,७६,००० होतात. महिन्याला ७३,०००.

तिच्या खात्यात वर्षभरात ४,९२,००० जमा झाले, म्हणजे महिन्याला ४१,०००. पण तिच्या स्लिपमध्ये पतपेढीच्या नावाने ६,५०० कापले जातात. त्यात १,५०० ठेव वर्गणी आणि ५,००० कर्जाचा हप्ता. ते परत मिळवले की तिचा खरा पगार ४७,५०० होतो.

त्याचा व्हीपीएफ परत मिळवायचं बहुतेकांना सुचतं, कारण ती उघडउघड बचत आहे. पतपेढीची कपात मात्र 'ते तर कापूनच येतात' म्हणून सोडून दिली जाते. उलटही होतं: तिच्या कपाती काटेकोर मोजतात आणि त्याच्या व्हीपीएफकडे काणाडोळा करतात. दोघांना एकच नियम लावा.

तपासणी: परत मिळवलेल्या प्रत्येक रकमेला एक प्रश्न विचारा: ही कपात उद्या अर्ज देऊन बंद करता आली असती का, किंवा ती मुळात माझ्या सहीने सुरू झाली होती का? उत्तर 'हो' असेल तर ती पगारात येते. 'नाही' असेल तर बाहेर.

बोनस का बाजूला काढला? कारण हप्ता दरमहा जातो आणि बोनस वर्षातून एकदाच, तोही मिळाला तर. तो बारा महिन्यांत वाटून पगारात मिसळला तर त्याच्यावर अकरा महिने अशा पैशांचा भार पडतो जे त्याच्या हातात आलेलेच नाहीत. बोनसचं काय करायचं ते सहाव्या टप्प्यात येईल.

## टप्पा २: 'हप्ता' म्हणजे नेमकं किती, ते ठरवा

बँकेचा हप्ता ४३,३९१. बस्स?

तिचं पतपेढीचं कर्ज कशासाठी होतं ते विचारा. या जोडप्यात ते याच घरासाठी काढलं होतं. बँक घराच्या पूर्ण किमतीइतकं कर्ज देत नाही, वरची रक्कम आपण उभी करायची असते. ती कमी पडली म्हणून तिने पतपेढीतून कर्ज काढलं. मग त्याचा ५,०००चा हप्ता हा तिचा खासगी खर्च नाही, तो घराचाच हप्ता आहे. फक्त तो बँकेऐवजी पतपेढीकडे जातो आणि तिच्या एकटीच्या स्लिपमधून कापला जातो.

म्हणून वाटणी करायची रक्कम ४३,३९१ अधिक ५,०००, म्हणजे ४८,३९१.

हेच कर्ज तिने धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी काढलं असतं तर? तेव्हा दोन मार्ग आहेत. एक: ती तिची जबाबदारी, ती पगारात धरायची पण घराच्या रकमेत नाही. दुसरा: लग्नाआधीची जबाबदारी म्हणून ५,००० तिच्या पगारातून आधीच वजा करायचे आणि उरलेल्यावर प्रमाण काढायचं. मला दुसरा मार्ग पटतो, पण अट अशी की त्याच्या आईवडिलांच्या औषधांचा दरमहाचा खर्चही मग त्याच न्यायाने आधी वजा झाला पाहिजे. एकाला सवलत आणि दुसऱ्याला नाही, हे फार दिवस टिकत नाही.

इशारा: सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर, वीजबिल हे या रकमेत घुसडू नका. ते दर महिन्याला बदलतं आणि हप्त्याचा हिशेब गढूळ होतो. हवं तर त्याच टक्क्याने ते वेगळं वाटा.

## टप्पा ३: प्रमाण काढा, रक्कम ठरवा

आता गणित दोन ओळींचं आहे. ७३,००० आणि ४७,५०० यांची बेरीज १,२०,५००. त्याचा वाटा ६०.५८ टक्के, तिचा ३९.४२ टक्के.

४८,३९१ मधले त्याचे २९,३१६ आणि तिचे १९,०७५. पण तिचे ५,००० पतपेढीतून आधीच गेलेत. म्हणून बँकेच्या हप्त्यासाठी तिने द्यायचे १४,०७५. त्याचे २९,३१६ आणि तिचे १४,०७५ मिळून बरोबर ४३,३९१ होतात.

तपासणी: दोघांनी आपापल्या खऱ्या पगाराचा किती टक्का घरासाठी दिला ते काढा. त्याचे ७३,००० पैकी २९,३१६, म्हणजे ४०.१६ टक्के. तिचे ४७,५०० पैकी १९,०७५, तेही ४०.१६ टक्के. हे दोन टक्के जुळले नाहीत तर वर कुठेतरी चुकलं आहे, पुन्हा पहिल्या टप्प्यापासून पाहा.

स्लिपवरचा आकडा घेऊन सरळ वाटणी केली असती तर काय झालं असतं? बोनससकट त्याचे महिन्याला ७५,००० आणि तिचे ४१,०००. हप्त्यातला तिचा वाटा १५,३३६ आला असता. दिसायला १९,०७५ पेक्षा कमी, म्हणून ती खूश. पण पतपेढीचे ५,००० त्याशिवाय जातच राहिले असते. म्हणजे घरासाठी तिचे एकूण २०,३३६, खऱ्या वाट्यापेक्षा दरमहा १,२६१ जास्त. वर्षाला पंधरा हजारांच्या वर. आणि दोघांची समजूत अशी की आपण तिला सांभाळून घेतलंय.

वही चालते, पण दरवर्षी पुन्हा काढायचं असेल तर एक छोटी शीट करून ठेवा. B स्तंभात त्याचे आकडे, C स्तंभात तिचे. ओळ २ मध्ये वर्षभरात जमा झालेला पगार, ओळ ३ मध्ये परत मिळवायच्या वर्षभरातल्या कपाती, ओळ ४ मध्ये बोनस, ओळ ५ मध्ये मासिक खरा पगार. B7 मध्ये बँकेचा हप्ता, B8 मध्ये घराचे इतर हप्ते. ओळ ९ मध्ये ज्याच्या पगारातून आधीच गेले ती रक्कम, ओळ १० मध्ये वाटा आणि ओळ ११ मध्ये प्रत्यक्ष पाठवायची रक्कम.

```
B5:  =(B2+B3-B4)/12
C5:  =(C2+C3-C4)/12
B10: =ROUND(B5/(B5+C5)*(B7+B8),0)
C10: =(B7+B8)-B10
B11: =B10-B9
C11: =C10-C9
```

C10 मध्ये मुद्दाम वजाबाकी ठेवली आहे. दोन्ही वाट्यांतले वरचे पैसे सोडून देऊन ते वेगवेगळे पूर्णांकात आणले तर बेरीज एक रुपयाने कमी पडते. एक रुपया कमी असला तरी हप्ता परत जातो.

## टप्पा ४: पैसे एकत्र आणायची सोय करा

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बँकेला तुमच्या ६०-४० शी काही देणंघेणं नाही. दोघांपैकी प्रत्येक जण पूर्ण कर्जाला जबाबदार असतो. 'माझा वाटा मी भरला होता' हे उत्तर बँकेत चालत नाही. हप्ता थकला की नोंद दोघांच्याही क्रेडिट इतिहासात होते, चूक कुणाचीही असो. म्हणून दोघांचे पैसे वेळेत एका जागी यायला हवेत.

सोयीचा मार्ग म्हणजे फक्त हप्त्यासाठी एक जॉइंट बचत खातं. त्यात किराणा नाही, यूपीआय जोडलेलं नाही, डेबिट कार्ड कपाटात. हप्त्याचं मँडेट या खात्यावर द्यायचं आणि दोघांच्या पगाराच्या खात्यांतून दरमहा ठरलेली रक्कम आपोआप जाईल अशी स्थायी सूचना लावायची.

तारीख निवडताना ज्याचा पगार उशिरा होतो त्याच्याकडे पाहून निवडा. त्याचा पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी होत असेल. तिचा शालार्थ प्रणालीतून होतो आणि अनुदानित शाळांमधल्यांना ठाऊक आहे की १ तारीख म्हणजे १ तारीखच असं नसतं. हप्त्याची तारीख ५ ठेवली आणि पगार ७ला झाला तर स्थायी सूचना रिकाम्या खात्यावर जाऊन आदळते, तिचे पैसे येत नाहीत आणि पूर्ण हप्ता बाउन्स होतो. बँकेत १० तारीख मागून घ्या. कर्ज सुरू होतानाच मागितलेलं बरं, नंतर मँडेट बदलायला अर्ज आणि खेटे दोन्ही लागतात.

तरीही एखाद्या महिन्यात पगार लांबणारच. म्हणून या खात्यात एक पूर्ण हप्ता, म्हणजे ४३,३९१, कायम शिल्लक ठेवा. ही शिल्लकही त्याच प्रमाणात भरायची: त्याचे ६०.५८ टक्के, तिचे ३९.४२ टक्के. एकदम जमत नसेल तर सहा महिन्यांत उभी करा. आणि ती वापरली की पुढच्या महिन्यात जागेवर आणायची, हे ज्याच्या पैशाने उशीर केला त्याच्याकडे.

तपासणी (पहिले तीन महिने): हप्त्याच्या आदल्या दिवशी खात्यात किमान दोन हप्त्यांइतकी रक्कम दिसते का? दोन्ही बाजूंनी आलेल्या रकमा शीटमधल्या ओळ ११ शी जुळतात का? हप्ता गेल्यावर शिल्लक पुन्हा एका हप्त्याइतकी उरते का? तीनही 'हो' असतील तर पुढे रोज पाहायची गरज नाही.

## टप्पा ५: कागद

वाटणी लिहून ठेवा म्हटलं की नवराबायकोच्या घरात लोक हसतात. पण चार वर्षांनी 'आपलं काय ठरलं होतं' यावर वाद घालण्यापेक्षा एक पान बरं. त्यात चार गोष्टी पुरतात: खरा पगार कसा काढला, घराच्या रकमेत काय काय धरलं, आजचे टक्के आणि फेरआढाव्याचा महिना. खाली तारीख, दोघांच्या सह्या. बँकेविरुद्ध हा कागद काही कामाचा नाही, तो एकमेकांसाठी आहे.

भाऊ-बहीण किंवा दोन भाऊ मिळून कर्ज घेत असतील तर मात्र साध्या पानावर भागवू नका. तिथे पुढे दोन संसार येतात. वकिलाकडून करार लिहून घ्या आणि एकाने फ्लॅट सोडायचा ठरवला तर हिशेब कसा करायचा तेही त्यात घाला.

मालकीचा प्रश्न इथेच डोकं वर काढतो. हप्ता ६०-४० भरला म्हणजे घरही ६०-४० झालं का? खरेदीच्या करारात वाटे स्पष्ट लिहिलेले असतील तर ते लागू. लिहिलेले नसतील तर मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ४५ प्रमाणे, वेगवेगळ्या पैशांतून खरेदी झाली असेल तर ज्याने जितका मोबदला दिला त्या प्रमाणात वाटा धरला जातो, आणि पुरावाच नसेल तर दोघांचा समान मानला जातो. हे तुमच्या मनातलं नसेल तर आत्ताच लिहा. कित्येक जोडपी पगाराच्या प्रमाणात भरतात आणि घर निम्मंनिम्मं ठेवतात. मला ते योग्य वाटतं, कारण कमी पगार म्हणजे घरात कमी वाटा असं कुठे लिहिलंय? पण ठरलेलं असलं पाहिजे आणि करारात आलेलं असलं पाहिजे. करार नोंदला जायचा असेल तर वाटे आधीच घालून घ्या. नोंदल्यानंतर बदलायचे तर पुन्हा नोंदणीकृत दस्त लागतो, आणि घर तारण असल्यामुळे बँकेची संमतीही.

करसवलतीकडे पाहून वाटणी वाकवावी का, असं बरेच जण विचारतात. नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळतच नाही, त्यामुळे दोघंही तिथे असाल तर हा विषय इथेच संपला. आपल्या उदाहरणातले पगार पाहता हे दोघं नव्या प्रणालीतच राहणार. जुन्या प्रणालीत असाल तर मात्र लक्ष द्या. तिथे राहत्या घराच्या व्याजावर प्रत्येकी वर्षाला २ लाखांची मर्यादा आहे आणि ती मिळायला दोघंही मालक आणि दोघंही कर्जदार हवेत. पहिल्या वर्षीचं व्याज साधारण ४ लाख २१ हजार. बँकेचा हप्ताच ६०-४० भरला तर त्याच्या वाट्याला २ लाख ५५ हजार येतात, त्यातले ५५ हजार वाया. तिचे १ लाख ६६ हजार पूर्ण बसतात. निम्मंनिम्मं असतं तर दोघांचे मिळून ४ लाख बसले असते. पण भरायचं एका प्रमाणात आणि विवरणपत्रात दाखवायचं दुसऱ्याच, हे करू नका. दोघांचे पैसे आपापल्या पगाराच्या खात्यातून जॉइंट खात्यात जातात, ती नोंद स्पष्ट बोलते. फरक मोठा असेल तर आधी सनदी लेखापालाला विचारा, मग वाटणी ठरवा.

## टप्पा ६: बोनस आणि आगाऊ परतफेड

बाजूला ठेवलेले ७२,००० आता घ्या. त्यालाही तोच ४०.१६ टक्के लावा. २८,९१५ होतात. तेवढे त्याच्याकडून कर्जाच्या आगाऊ परतफेडीला, उरलेले त्याचे. तिला थकबाकी किंवा अशीच एकरकमी रक्कम मिळाली तर तिलाही हाच दर. अशा प्रकारे बोनस कुणाचा मोठा नि कुणाचा छोटा, हा वाद उरत नाही.

बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तींकडून मुदतीआधी परतफेडीचं शुल्क घेतलं जात नाही, त्यामुळे छोट्या रकमाही भरता येतात. फक्त रक्कम भरताना 'हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा' असं लेखी किंवा ॲपमध्ये निवडून सांगा. बँकेने परस्पर हप्ता कमी केला तर तुमच्या दोन्ही स्थायी सूचना जुन्याच रकमेच्या राहतात, जॉइंट खात्यात पैसे साचत जातात आणि ते कुणाचे किती यावर नवा हिशेब बसतो.

आगाऊ भरलेल्या रकमेची नोंद त्याच पानाच्या मागे ठेवा: तारीख, कुणी भरली, किती. घर निम्मंनिम्मं असेल आणि एकजणच वर्षानुवर्षं आगाऊ भरत असेल तर हे टिपण लागतं.

## टप्पा ७: फेरआढावा कधी, कशामुळे

वर्षातून एकदा तारीख ठरवून बसा. ती एप्रिल ठेवू नका. कंपनीतली पगारवाढ एप्रिलमध्ये लागू झाली तरी तिची स्लिप यायला मे-जून उजाडतो आणि शिक्षकांची वार्षिक वेतनवाढ बहुतांशी जुलैमध्ये असते. ऑगस्टमध्ये बसलात की दोघांच्या नव्या स्लिपा हातात असतात.

मधल्या काळात मात्र पुढच्या गोष्टी घडल्या तर ऑगस्टची वाट पाहू नका.

पतपेढीचं कर्ज फिटलं. हे हमखास विसरलं जातं, कारण तिच्या दृष्टीने ती आनंदाची बातमी असते: स्लिपमध्ये ५,००० वाढले. पण आता वाटायची रक्कम ४८,३९१ ऐवजी ४३,३९१ झाली. त्याचा वाटा २६,२८७ आणि तिचा १७,१०४. म्हणजे तिने पाठवायची रक्कम ३,०२९ ने वाढली पाहिजे आणि त्याची तेवढ्याने घटली पाहिजे. कुणी हलवलं नाही तर तो दरमहा तीन हजार जादा भरत राहतो. शेवटच्या कपातीचा महिना आत्ताच पानावर लिहून ठेवा.

व्याजदर बदलला. दर घटला की बऱ्याच बँका हप्ता तोच ठेवतात आणि मुदत कमी करतात, तेव्हा तुमच्या वाटणीला धक्का नाही. दर वाढला की मुदत वाढते किंवा हप्ता वाढतो. ऑगस्ट २०२३ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय बँकेने कर्जदाराला द्यायचा असतो. तो पर्याय दोघांनी मिळून निवडा. आपल्या कर्जात दर ८.७५ झाला आणि हप्ता वाढवायचं ठरलं तर तो साधारण ४४,१८६ होतो, म्हणजे ७९५ जास्त. स्थायी सूचना जुन्याच राहिल्या तर ही तूट शिलकीतून गुपचूप भरली जाते. पन्नासएक महिने काहीच कळत नाही आणि शिल्लक संपली की हप्ता बाउन्स होतो. म्हणून बँकेचा दरबदलाचा मेसेज आला की त्याच दिवशी शीटमधला B7 बदला.

एकाचा पगार थांबला किंवा निम्मा झाला. पगारी बाळंतपणाच्या रजेत पगार चालू असतो, तिथे बदल नको. रजा पुढे बिनपगारी वाढवली, नोकरी गेली किंवा धंद्यात मंदी आली तर त्या महिन्यापासून नवं प्रमाण काढा. इथे एक निर्णय आधीच झालेला बरा: एकाने दुसऱ्याचा वाटा भरला तर तो उसना की सोडून दिलेला? बाळासाठी घेतलेल्या रजेत हा हिशेब उसन्याचा ठेवणं मला साफ चुकीचं वाटतं. नोकरी बदलताना स्वतःहून घेतलेल्या तीन महिन्यांच्या विश्रांतीत तो ठेवायला हरकत नाही. तुमचं उत्तर वेगळं असू शकेल, पण ते पानावर असू द्या.

टक्का पाचपेक्षा जास्त सरकला. पगारवाढीमुळे ६०.५८ चा टक्का ५५ च्या खाली आला किंवा ६६ च्या वर गेला तर मध्येच बदला. त्यापेक्षा लहान फरकासाठी दर दोन महिन्यांनी कॅल्क्युलेटर काढून बसू नका. स्थायी सूचना वारंवार बदलल्या की एखाद्या महिन्यात एक रद्द होते, दुसरी लागत नाही आणि पुन्हा बाउन्स.

इशारा: रक्कम बदलताना आधी नवी स्थायी सूचना लावा, ती सुरू झाल्याचा मेसेज पाहा आणि मगच जुनी रद्द करा. नवीची पहिली तारीख पुढच्या महिन्याची ठेवा, नाहीतर एकाच महिन्यात दोन्ही रकमा जातात. जास्तीची रक्कम गेलीच तर ती परत काढू नका, शिलकीत राहू द्या आणि पुढच्या महिन्यात तेवढी कमी पाठवा.